विश्लेषण : सातपूरचा माल, मुदत मध्यरात्रीची... परराज्यात जाणाऱ्या मालाचे ई-वे बिल नेमके कधी संपते?

नाशिकहून पेठ-कपराडामार्गे वापी गाठायला मालाच्या गाडीला एक रात्र पुरते. अंतर 200 किलोमीटरच्या आत असल्याने ई-वे बिलाची मुदत एका दिवसाची मिळते. एवढ्या जवळच्या फेरीत मुदत कशाला संपेल, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात लांबच्या फेऱ्यांपेक्षा अशा छोट्या फेऱ्यांतच मुदत संपण्याचा धोका जास्त. कारण माल रस्त्यावर कमी आणि ट्रान्सपोर्टरच्या गोदामात जास्त वेळ असतो आणि मुदतीचे घड्याळ मात्र गोदामातही सुरूच राहते. इन्व्हॉइस खरा, कर भरलेला, माल नोंदीप्रमाणे आणि तरीही कराच्या दुप्पट दंडाची नोटीस, असे प्रसंग यातूनच उद्भवतात. मुदत कधी सुरू होते, कधी संपते आणि चूक कुठे होते, हे पाहू.

ई-वे बिल कोणाला लागते?

केंद्रीय जीएसटी नियमावलीतील नियम 138 नुसार, 50 हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल वाहनाने हलवण्यापूर्वी ewaybillgst.gov.in या पोर्टलवर ई-वे बिल तयार करावे लागते. आंतरराज्य वाहतुकीसाठी हा नियम 1 एप्रिल 2018 पासून लागू आहे. महाराष्ट्रात राज्यांतर्गत वाहतुकीसाठी ही मर्यादा 1 लाख रुपये आहे आणि पहिली गफलत इथेच होते. रोज नाशिकहून पुणे, संभाजीनगरला माल पाठवणाऱ्या कारखान्यात 'लाखाच्या आत आहे, ई-वे बिल नको' हे अंगवळणी पडलेले असते. तोच 70 हजारांचा माल सुरतला निघाला, की 50 हजारांची मर्यादा लागू होते.

किंमत मोजताना कर धरूनच मोजायची. 45 हजारांच्या मालावर 18 टक्के कर लागला की रक्कम 53 हजार 100 होते, म्हणजे ई-वे बिल आलेच. जॉब वर्कसाठी परराज्यात जाणाऱ्या मालाला तर किमान किमतीची अटच नाही. प्लेटिंगसाठी दमणला 8 हजारांचे सुटे भाग पाठवले तरी ई-वे बिल काढावे लागते. अशा वेळी विक्री नसल्याने इन्व्हॉइस नसतो, डिलिव्हरी चलनाच्या आधारे बिल काढायचे असते.

कांदा आणि ताजी द्राक्षे मात्र यातून मोकळी आहेत. लासलगाव किंवा पिंपळगावहून दिल्लीकडे निघालेल्या कांद्याच्या ट्रकला ई-वे बिल लागत नाही, कारण हा शेतमाल करमुक्त यादीत आहे. द्राक्षे वाळवून त्यांचा बेदाणा झाला, की तो करपात्र ठरतो आणि व्यापाऱ्याला बिलाचा विचार करावा लागतो. नाशिकची वाइन ही जीएसटीच्याच बाहेर. तिच्या वाहतुकीचे परवाने उत्पादन शुल्क खात्याचे.

घड्याळ सुरू कधी होते?

ई-वे बिलाचे दोन भाग असतात. पार्ट-ए मध्ये माल पाठवणारा, घेणारा, इन्व्हॉइस क्रमांक, मालाची किंमत, एचएसएन कोड आणि पोहोचवण्याच्या ठिकाणाचा पिनकोड असतो. पार्ट-बी मध्ये गाडीचा क्रमांक येतो. फक्त पार्ट-ए भरला तर पोर्टल एक स्लिप देते. ती म्हणजे ई-वे बिल नव्हे. त्या स्लिपवर 15 दिवसांच्या आत पार्ट-बी भरता येतो आणि मुदतीचे घड्याळ सुरू होते ते पार्ट-बी पहिल्यांदा भरल्याच्या क्षणापासून. इन्व्हॉइसची तारीख, माल गाडीत चढल्याची वेळ, गाडी जकात नाक्यावरून सुटल्याची वेळ यांचा त्याच्याशी संबंध नाही.

पहिल्या 200 किलोमीटरला एक दिवस आणि पुढच्या प्रत्येक 200 किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला आणखी एक दिवस, असे सध्याचे गणित आहे. 1 जानेवारी 2021 पूर्वी ते 100 किलोमीटरला एक दिवस असे होते. जुना हिशेब डोक्यात असलेले अनेक जण आजही 350 किलोमीटरला चार दिवस धरून चालतात. प्रत्यक्षात दोनच मिळतात. अवाढव्य यंत्रसामग्रीसारख्या 'ओव्हर डायमेन्शनल' मालाला दिवसाला 20 किलोमीटर, असा वेगळा हिशेब आहे.

आता यातला सर्वांत कमी माहीत असलेला मुद्दा. 'एक दिवस' म्हणजे 24 तास नव्हेत. बिल ज्या तारखेला तयार झाले, तिच्या दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री पहिला दिवस संपतो. म्हणजे 14 तारखेला रात्री 12 वाजून 5 मिनिटांनी बिल काढले तर पहिला दिवस 15 तारीख संपेपर्यंत चालतो, जवळपास 48 तास मिळतात. तेच बिल 14 तारखेला रात्री 11 वाजून 55 मिनिटांनी काढले, तरी ते 15 तारीख संपतानाच संपते. इथे जेमतेम 24 तास मिळाले. रात्री अकरानंतर गाडी भरून होत असेल आणि ती तशीही बारानंतरच सुटणार असेल, तर दहा-पंधरा मिनिटे थांबून पार्ट-बी भरल्याने पूर्ण एक दिवस पदरात पडतो. यात कुठलीही पळवाट नाही. अट एकच, बिल तयार झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

मग चूक होते कुठे?

एक उदाहरण घेऊ. व्यक्ती आणि कारखाना काल्पनिक, पण घटनाक्रम नाशिकच्या कोणत्याही ट्रान्सपोर्ट गोदामात घडू शकेल असा. सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका लघुउद्योगाने वापीच्या कारखान्याला 3 लाख रुपयांचे धातूचे सुटे भाग विकले. 18 टक्क्यांनी आयजीएसटी 54 हजार, एकूण इन्व्हॉइस 3 लाख 54 हजारांचा.

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता कारखान्याच्या लेखापालाने ई-वे बिल काढले. पार्ट-ए भरला, त्यात ट्रान्सपोर्टरचा 15 अंकी आयडीही टाकला. माल न्यायला दारात छोटा हत्ती उभा होता. लेखापालाने पार्ट-बी मध्ये त्याच टेम्पोचा क्रमांक टाकून बिलाची प्रिंट चालकाच्या हाती दिली. टेम्पो माल द्वारका परिसरातल्या गोदामात उतरवून परत आला.

कारखान्याच्या लेखी काम संपले, मुदतीचे घड्याळ मात्र सुरू झाले. शनिवारी रात्री 12 वाजता हे बिल संपणार होते. गोदामात वापी मार्गाचा पुरेसा माल शनिवारी जमला नाही. किरकोळ मालाच्या वाहतुकीत हे नेहमीचेच आहे. गाडी भरली रविवारी रात्री. गोदामातल्या कारकुनाने बिल्टीसोबत ई-वे बिलाची प्रिंट जोडलेली पाहिली, पार्ट-बी मध्ये एक गाडी क्रमांक आहे एवढे पाहिले आणि ट्रक सोडला. सोमवारी सकाळी गुजरातच्या हद्दीत तपासणी झाली तेव्हा दोन गोष्टी समोर आल्या : बिलाची मुदत एक पूर्ण दिवस आणि काही तास आधी संपलेली आणि बिलावरचा गाडी क्रमांक समोरच्या ट्रकचा नाही.

या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे, ते म्हणजे शुक्रवारी टाकलेला टेम्पोचा क्रमांक. तो टाकण्याची गरजच नव्हती. माल पाठवणाऱ्याच्या जागेपासून ट्रान्सपोर्टरच्या जागेपर्यंतचे अंतर त्याच राज्यात 50 किलोमीटरच्या आत असेल, तर त्या टप्प्यासाठी पार्ट-बी न भरण्याची मुभा नियमातच आहे. सातपूर ते द्वारका हे अंतर तर शहरातल्या शहरातले.

लेखापालाने पार्ट-ए भरून ट्रान्सपोर्टरचा आयडी टाकला असता आणि तिथेच थांबला असता, तर? ट्रान्सपोर्टरने रविवारी रात्री आठ वाजता ट्रकचा क्रमांक भरला असता, घड्याळ तेव्हा सुरू झाले असते आणि बिल सोमवारी रात्री 12 वाजेपर्यंत चालले असते. माल तोच, ट्रक तोच, दिवसही तेच. मात्र पार्ट-बी भरल्याशिवाय ट्रक गोदामातून हलता कामा नये, ही जबाबदारी मग ट्रान्सपोर्टरची. म्हणून माल सोपवताना फोनवर तेवढे स्पष्ट सांगणे आणि निघण्यापूर्वी पूर्ण झालेल्या बिलाची प्रत मागवणे कारखान्याच्याच हिताचे.

दुसरा गैरसमज असा, की गोदामात नवी गाडी लावताना पार्ट-बी बदलला की मुदतही नव्याने मिळते. तसे होत नाही. गाडी कितीही वेळा बदला, मुदत पहिल्या पार्ट-बीपासूनच मोजली जाते. अनेक बिले एकत्र करून काढलेल्या एकत्रित ई-वे बिलालाही स्वतःची वेगळी मुदत नसते. त्यातल्या प्रत्येक बिलाची मुदत स्वतंत्रपणे तपासावी लागते. परराज्यातल्या गोदामात माल उतरला म्हणून बिलाचे काम संपत नाही. तिथून ग्राहकापर्यंतचे अंतर त्याच राज्यात 50 किलोमीटरच्या आत असेल तर नवा गाडी क्रमांक भरण्यातून सूट आहे, पण मुदतीतून नाही. माल ग्राहकाच्या दारात पोहोचेपर्यंत बिल जिवंत असावे लागते.

पिनकोडने मुदत कशी बदलते?

पोर्टल अंतर स्वतः मोजते, तेही दोन पिनकोडच्या आधारे. त्यामुळे पिनकोड चुकला की अंतर चुकते आणि मुदतही. नाशिकमध्ये याचा एक ठरावीक प्रकार आहे. कंपनीची जीएसटी नोंदणी मुंबईच्या कार्यालयाच्या पत्त्यावर आणि कारखाना सिन्नरला. बिल काढताना 'डिस्पॅच फ्रॉम'मध्ये नोंदणीचा पत्ता आपोआप येतो आणि तो बदलायचे राहून जाते. मग इंदूरला निघालेल्या मालाचे अंतर मुंबईपासून मोजले जाते, ते वाढते आणि एखादा दिवस जास्तीचा मिळतो. हा फायदा वाटला तरी प्रत्यक्षात ती अडचण आहे. पिनकोडची चूक किरकोळ मानायची की नाही, हे तिने मुदत वाढली का, यावरच ठरते.

पोर्टलने दाखवलेल्या अंतरात साधारण 10 टक्क्यांपर्यंत वाढ करता येते. समजा, इंदूरच्या एखाद्या पत्त्यासाठी पोर्टलने 390 किलोमीटर दाखवले. मुदत दोन दिवस. पण गाडी वाटेत मालेगाव आणि धुळे शहरात शिरून माल उतरवत जाणार असल्याने प्रत्यक्ष अंतर 410 होणार असेल, तर तो आकडा टाकता येतो आणि तिसरा दिवस मिळतो. आकडा मार्गाशी जुळणारा मात्र हवा.

टायपिंगची चूक झाली तर?

पार्ट-ए एकदा तयार झाला की त्यात दुरुस्ती करता येत नाही. 24 तासांच्या आत बिल रद्द करून नवे काढणे हाच मार्ग आणि वाटेत अधिकाऱ्याने ते तपासले असेल तर तोही बंद. म्हणून बिल तयार झाल्यावर गाडी सुटण्यापूर्वी इन्व्हॉइस शेजारी ठेवून दोन मिनिटे ताडून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

प्रत्येक चुकीला कराच्या दुप्पट दंड लागतो, असे मात्र नाही. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने 14 सप्टेंबर 2018 रोजी परिपत्रक क्रमांक 64 काढून सहा प्रकारच्या किरकोळ चुका वेगळ्या काढल्या. जीएसटी क्रमांक बरोबर असताना नावाच्या स्पेलिंगमधली चूक, गाडी क्रमांकातील एक-दोन अक्षरे किंवा अंक चुकणे, इन्व्हॉइस क्रमांकातील एक-दोन अंक चुकणे, मुदत न वाढवणारी पिनकोडची चूक, पत्त्यातील किरकोळ चूक आणि पहिले दोन अंक व कराचा दर बरोबर असताना एचएसएन कोडमधली चूक, या त्या सहा. इन्व्हॉइस व ई-वे बिल सोबत असेल, तर अशा चुकीसाठी कलम 129 खाली कारवाई न करता एका मालासाठी एकूण 1 हजार रुपये दंड घ्यावा, असे परिपत्रक सांगते. `MH15` ऐवजी `MH51` पडले तर हे परिपत्रक दाखवता येते. पण टेम्पोऐवजी ट्रक, म्हणजे अख्खा क्रमांकच वेगळा असेल, तर त्याचा उपयोग नाही. मुदत संपलेल्या बिलाचाही या सहांमध्ये समावेश नाही.

गाडी अडवली तर पुढे काय?

वापीच्या उदाहरणाकडे आकड्यांतून पाहू. मालक, म्हणजे इन्व्हॉइस सोबत असताना माल पाठवणारा किंवा घेणारा, दंड भरायला पुढे आला तर कलम 129 नुसार कराच्या 200 टक्के, म्हणजे 1 लाख 8 हजार रुपये भरावे लागतात. तो पुढे आलाच नाही, तर मालाच्या किमतीच्या 50 टक्के किंवा कराच्या 200 टक्के, यातील जी रक्कम जास्त ती. इथे ती 1 लाख 50 हजार होते. 1 जानेवारी 2022 पूर्वी कर आणि तेवढाच दंड अशी रचना होती. आता पूर्ण रक्कम दंड म्हणूनच जाते. दंड न भरता तेवढ्या रकमेची बँक हमी देऊनही माल सोडवता येतो. माल अडकला तरी ट्रान्सपोर्टरला आपली गाडी दंडाची रक्कम किंवा 1 लाख रुपये, यातील कमी असेल ते भरून सोडवता येते.

प्रक्रियेलाही मुदती आहेत आणि त्या चालकाला ठाऊक असाव्यात. अधिकारी आधी चालकाचा जबाब `MOV-01` मध्ये नोंदवतो. प्रत्यक्ष तपासणी गरजेची वाटली तर `MOV-02` देतो. माल अडवण्याचा आदेश `MOV-06` मध्ये येतो. अडवल्यापासून सात दिवसांत नोटीस आणि नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांत आदेश, असे कायद्याचे बंधन आहे. आदेशानंतर 15 दिवसांत पैसे भरले नाहीत तर माल विकण्याची प्रक्रिया सुरू होऊ शकते. आदेशाविरुद्ध अपील करायचे तर दंडाच्या 10 टक्के रक्कम आधी भरावी लागते. कारण न देता गाडी 30 मिनिटांहून अधिक थांबवली, तर ट्रान्सपोर्टर पोर्टलवर `EWB-04` मध्ये त्याची नोंद करू शकतो. ही सोय फारशी वापरली जात नाही.

बिल संपले म्हणजे करचुकवेगिरीच, असे मानता येणार नाही, हे न्यायालयांनी सांगितले आहे. हैदराबादच्या सत्यम शिवम पेपर्स या कंपनीचा माल वाटेत आंदोलनामुळे रस्ता बंद झाल्याने वेळेत पोहोचला नाही आणि एका दिवसाने बिल संपले. विभागाने 69 हजार रुपये वसूल केले. तेलंगणा उच्च न्यायालयाने ते परत करायला लावून 10 हजारांचा खर्च बसवला. विभाग सर्वोच्च न्यायालयात गेला, तिथे 12 जानेवारी 2022 रोजी अपील फेटाळले गेले आणि खर्चाची रक्कम आणखी 59 हजारांनी वाढली. मात्र या प्रकरणात उशिराचे कारण स्पष्ट होते. गोदामात गाडी भरेपर्यंत माल पडून राहिला, हे कारण त्याच तोडीचे ठरेल, असे गृहीत धरता येणार नाही.

मुदतवाढ कशी आणि केव्हा?

मुदत संपण्याच्या 8 तास आधीपासून 8 तास नंतरपर्यंत, अशा एकूण 16 तासांत ती वाढवता येते. मुदत मध्यरात्री संपत असल्याने ही खिडकी दुपारी 4 ते दुसऱ्या दिवशी सकाळी 8 अशी असते. आपल्या उदाहरणात ती शनिवारी दुपारी 4 वाजता उघडून रविवारी सकाळी 8 वाजता बंद झाली, म्हणजे बहुतेक कार्यालयांना कुलूप असतानाच.

मुदतवाढ कारखाना स्वतः मागू शकत नाही, हा आणखी एक अडथळा. बिलावर ट्रान्सपोर्टर नेमलेला असेल तर त्या वेळी माल ज्याच्या ताब्यात आहे, त्या ट्रान्सपोर्टरलाच ती करता येते. पोर्टलवर माल चालत्या गाडीत आहे की थांबलेला आहे, हे निवडायचे. थांबलेला असेल तर रस्त्यावर की गोदामात, तेही सांगायचे. मग कारण, सध्याचे ठिकाण आणि पिनकोड. उरलेल्या अंतरावरून नवी मुदत मिळते. अपघात, नैसर्गिक आपत्ती, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न, दुसऱ्या गाडीत माल हलवणे अशी कारणे यादीत आहेत. कसारा किंवा कपराडा घाटात गाडी बिघडली, तर दुसऱ्या गाडीत माल चढवण्यापूर्वी नवा क्रमांक पार्ट-बी मध्ये भरायचा. गॅरेजची पावती, वेळेसह काढलेला फोटो, जीपीएसची नोंद चालकाकडे असेल तर पुढे सुनावणीत तीच कामाला येते.

1 जानेवारी 2025 पासून मुदतवाढीलाही मर्यादा आली आहे. मूळ बिल तयार झाल्यापासून 360 दिवसांपलीकडे ती मिळत नाही आणि 180 दिवसांहून जुन्या इन्व्हॉइसवर नवे ई-वे बिलच निघत नाही. रोजच्या मालाला याची झळ बसत नाही. यंत्र महिनोन् महिने गोदामात ठेवून मग जुन्याच इन्व्हॉइसवर पाठवणाऱ्यांना मात्र बसते. 1 एप्रिल 2025 पासून सर्व करदात्यांना पोर्टलवर लॉगिन करताना ओटीपी बंधनकारक आहे. तो मालकाच्याच मोबाइलवर येत असेल आणि शनिवारी संध्याकाळी बिल काढायचे असेल, तर फोन उचलला जाईपर्यंत गाडी दारातच थांबते. लेखापालासाठी पोर्टलवर स्वतंत्र उपवापरकर्ता तयार करून त्याचा स्वतःचा मोबाइल क्रमांक जोडण्याची सोय त्यासाठीच आहे.